चौकटीच्या तळाशी आलेली सावली

फोटोच्या तळाशी फोटो काढणाऱ्याचे डोके आणि खांदे काळ्या ठशासारखे उमटतात, किंवा खालच्या कडेला ट्रायपॉडच्या पायाचे टोक डोकावते. दोन्ही ठिकाणी सर्वात साधा उपाय म्हणजे क्रॉप, म्हणजे तळाची पट्टी कापून टाकणे. कापणे सोपे आहे. किती कापायचे आणि कापल्यावर हाती काय उरते, हे मात्र सूर्य किती वर आहे आणि लेन्स किती रुंद आहे यावर ठरते. फोटो काढण्याआधीच याचा अंदाज असला, तर कापण्यासाठी जागा राखून फोटो घेता येतो.

सावलीचे गणित वाटते त्यापेक्षा सोपे आहे. सूर्य बरोबर पाठीमागे असेल, तर कॅमेऱ्याची स्वतःची सावली नेहमी सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेला पडते. सूर्य क्षितिजाच्या जितके अंश वर, तितकेच अंश ती सावली क्षितिजाच्या खाली. सूर्य १५ अंशांवर असेल, तर कॅमेऱ्याची सावली त्याच कॅमेऱ्यातून १५ अंश खाली दिसणार. कॅमेरा किती उंचीवर धरला आहे, याचा या कोनाशी संबंध नाही. म्हणूनच सावली टाळण्यासाठी खाली बसणारा माणूस फसतो. खाली बसल्यावर जमिनीवरची सावली आखूड होते खरी, पण ती तितकीच जवळही येते, आणि चौकटीत ती पूर्वीच्याच जागी, उलट अधिक रुंद दिसते. दोन पावले बाजूला सरकूनही उपयोग होत नाही, कारण कॅमेऱ्याची दिशा तीच राहिली तर सावली माणसाबरोबर सरकते. ती बाजूच्या कडेबाहेर जावी असे वाटत असेल, तर सूर्य पाठीवरून खांद्याकडे यावा इतका कॅमेरा वळवावा लागतो. २४ मिमी लेन्सला हे वळण जवळजवळ ३७ अंशांचे होते.

आता चौकट पाहू. २४ बाय ३६ मिलिमीटरचा फुल फ्रेम सेन्सर आणि २४ मिमीची लेन्स असेल, तर आडव्या फोटोत वरून खालपर्यंत सुमारे ५३ अंश मावतात. कॅमेरा समतल धरला की क्षितिज मधोमध येते आणि त्याच्या खाली साडेसव्वीस अंशांचा भाग दिसतो. सूर्य याहून खाली असला की सावली चौकटीत येणारच. नेमका हाच सकाळचा आणि संध्याकाळचा मऊ, सोनेरी उजेड सगळ्यांना हवा असतो. ५० मिमी लेन्सला क्षितिजाखाली साडेतेरा अंशच दिसतात, म्हणून तिच्यात सावली क्वचित सापडते. ही मुख्यतः रुंद लेन्सची, आणि मोबाइलच्या रुंद कॅमेऱ्याची, अडचण आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. मार्चमधल्या विषुवदिनाच्या सुमारास महाराष्ट्रातल्या एखाद्या पूर्वाभिमुख देवळाचा दर्शनी भाग टिपायचा आहे. सूर्योदयानंतर तासाभराने सूर्य साधारण १५ अंश वर आलेला असतो आणि उजेड थेट दर्शनी भागावर पडतो. छायाचित्रकार देवळापासून २५ मीटरवर, सपाट अंगणात, सूर्याकडे पाठ करून उभा आहे. त्याची उंची १७० सेंटिमीटर, डोळ्याला लावलेला कॅमेरा जमिनीपासून १५८ सेंटिमीटरवर आणि लेन्स २४ मिमी. फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा.

डोक्याच्या सावलीचे टोक त्याच्यापासून सुमारे ६.३ मीटरवर पडते. डोके कॅमेऱ्याहून थोडे उंच असल्यामुळे हे टोक १५ ऐवजी जेमतेम १४ अंश खाली दिसते. चौकटीत त्याची जागा तळापासून सुमारे १००० पिक्सेल वर येते, म्हणजे फोटोचा तळचा चौथा हिस्सा सावलीने व्यापला. पण नेमके १००० पिक्सेल कापून चालत नाही. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड धारदार नसते. या उदाहरणात ती जमिनीवर वीत-सव्वा वीत अंतरात हळूहळू विरत जाते. अगदी काठावर कापले, तर तळाच्या मधोमध एक फिकट करडा डाग उरतो. कापणाऱ्याला तो पाहिलेल्या सावलीचाच भाग म्हणून ओळखता येतो, पाहणाऱ्याला मात्र जमीन तिथे ओली असावी असे वाटते. पडद्यावर फोटो पूर्ण आकारात मोठा करून तळाची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवून पाहिली की हा डाग सापडतो. म्हणून ५० पिक्सेल जास्त सोडून १०५० कापायचे. उरते ६००० बाय २९५० पिक्सेलची चौकट.

ही चौकट रुंदीला उंचीच्या दुप्पट आहे. अंगण, ओवऱ्या आणि मधोमध देऊळ असेल तर असा लांबट आकार शोभतो. नेहमीचेच ३:२ प्रमाण हवे असेल, तर दोन्ही बाजूंनीही थोडे कापून ४४२५ बाय २९५० करावे लागते. मूळ २४ पैकी १३ मेगापिक्सेल उरतात, निम्म्याहून थोडे जास्त. आकडा ऐकून धसका बसतो, पण १२ बाय १८ इंचाच्या छपाईला यातून दर इंचाला जवळजवळ २४५ पिक्सेल मिळतात आणि भिंतीवर लावायच्या फोटोला ते पुरेसे आहेत. खरे नुकसान पिक्सेलचे नसून रुंदीचे असते. २४ मिमीने घेतलेला फोटो आता ३२ मिमीने घेतल्यासारखा दिसतो. तेव्हा सावली येणार हे दिसत असेल, तर दीपमाळ आणि शेजारचा पार या गोष्टी कडेला चिकटू न देता बाजूंनाही मोकळी जागा ठेवूनच फोटो घ्यावा.

चौकटीच्या आत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मूळ फोटोत क्षितिज मधोमध होते, आता ते वरून दोन-तृतीयांशावर आले. देवळाच्या पायऱ्यांचा तळ क्षितिजाच्या सुमारे २५० पिक्सेलच खाली आहे, म्हणून त्याच्याखाली अजून ७०० पिक्सेल अंगण शिल्लक राहते. शिखर तर मुळीच कापले गेले नाही. मोकळी जमीन कमी होऊन वास्तू उंचावल्यासारखी वाटते आणि फोटो बहुतेक वेळा सुधारतोच.

सावली दिसताच अनेक जण कॅमेरा वर उचलतात. त्याने सावली चौकटीबाहेर जाते, पण सेन्सर तिरका होतो आणि देवळाचे खांब, भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकू लागतात. कॅमेरा समतल ठेवून तळ कापला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. जुन्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांत लेन्सची पाटी वर सरकवून वास्तूंचे फोटो घेत. तळाचा क्रॉप हे त्याच क्रियेचे साधे रूप आहे. वास्तूच्या बाबतीत समतल कॅमेरा आणि नंतर क्रॉप हाच मार्ग निर्विवाद चांगला.

कापण्याचा क्रमही महत्त्वाचा. फोटो तिरका आला असेल तर आधी तो सरळ करावा, कारण सरळ करतानाच कोपरे जातात. ६००० पिक्सेल रुंद फोटो दोन अंशांनी फिरवला, तर एका कोपऱ्याशी शंभराहून जास्त पिक्सेलची तिरपी फाक निघून जाते. रुंद लेन्सच्या कोपऱ्यांत येणारा काळोखही क्रॉपच्या आधी दुरुस्त करावा. नाहीतर वरचे दोन कोपरे गडद आणि खालचे उजळ असे विचित्र दृश्य उरते. Photoshop मध्ये क्रॉप करताना Delete Cropped Pixels ही खूण काढून ठेवली की कापलेला भाग फाइलमध्ये लपून राहतो आणि पुढे परत आणता येतो. मोबाइलवर मूळ फोटोची प्रत ठेवून प्रतीवर काम करणे सुरक्षित.

ट्रायपॉडच्या पायाची गोष्ट वेगळी आहे. कॅमेरा समतल असेल तर अतिरुंद लेन्समध्येही पाय दिसत नाही. माणसाच्या छातीइतक्या उंच ट्रायपॉडच्या पुढच्या पायाचे टोक लेन्सपासून साधारण ६५ ते ७० अंश खाली असते आणि तिथपर्यंत चौकट पोचत नाही. प्रश्न येतो तो पुढचे खडक किंवा फुले मोठी दाखवण्यासाठी १६ मिमी लेन्स उभी धरून २० अंश खाली झुकवली की. मग चौकटीची खालची कड ६८ अंशांपर्यंत उतरते आणि पाय आत येतो. स्वस्त एसएलआर कॅमेऱ्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष फोटोचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो, त्यामुळे घेताना न दिसलेला पाय घरी गेल्यावर संगणकावर दिसतो.

रुंद लेन्स कडेजवळचा भाग ताणून दाखवते, म्हणून कोनाच्या मानाने इथे जास्त कापावे लागते. १६ मिमीच्या उभ्या फोटोत मध्यावर पाच अंशांना उंचीचे चार टक्के लागतात, तर तळाच्या कडेला तेवढ्याच पाच अंशांना आठ टक्के. ६००० पिक्सेल उंचीच्या फोटोत ते ४८० पिक्सेल झाले. सुदैवाने उभ्या फोटोला ४:५ हा आकार शोभून दिसतो. ४००० बाय ६००० चा फोटो तळाकडून १००० पिक्सेल कापून ४००० बाय ५००० केला की पाय त्यातच जातो. मात्र पुढचे फूल, ज्याच्यासाठी कॅमेरा झुकवला, तेही बहुधा तळाशीच असते. ते कापले जाणार असेल तर क्रॉपचा उपयोग नाही. त्यापेक्षा जागेवरच ट्रायपॉड फिरवून एक पाय मागे आणि दोन पाय दोन बाजूंना ठेवावेत.

फोटोत माणसे असतील तर त्यांच्या पावलांकडे आधी पाहावे. वरच्याच उदाहरणात कोणी आठ मीटरवर उभा असेल, तर क्रॉपनंतर त्याच्या पायांखाली १६० पिक्सेल जागा उरते. तो पाच मीटरवर असेल तर पावले कापली जातात. घोट्यावर किंवा गुडघ्यावर कापलेला माणूस अर्धवट राहिल्यासारखा दिसतो. कापायचेच तर मांडीच्या मध्यापर्यंत वर जावे. सावली त्याच्या अंगावरच चढली असेल, तर क्रॉपने काहीच होत नाही. तेव्हा तळाची जमीन दुसरीकडून उचलून चिकटवण्याचा मोह होतो.

घरच्या अल्बमसाठी ती मुभा घ्यायला हरकत नाही. वृत्तछायाचित्रांत मात्र कापणे आणि पुसणे यांत स्पष्ट रेघ आहे. वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेने २०१० मध्ये युक्रेनमधल्या एका छायाचित्रकाराचे बक्षीस काढून घेतले. त्याने मूळ रंगीत फोटोचा फार मोठा भाग कापला होता, तो कृष्णधवल केला होता, आणि या दोन्ही गोष्टी चालल्या. बक्षीस गेले ते हाताच्या मागे डोकावणाऱ्या एका पावलाचा छोटा तुकडा पुसल्यामुळे. कापताना चौकट लहान होते, पण आत उरलेले सगळे कॅमेऱ्यासमोर होते तसेच राहते. पुसताना त्या जागी कॅमेऱ्यासमोर नसलेले काहीतरी येते.

सूर्य १५ अंशांवर असताना अंगणात सावली पडत असेल आणि क्रॉपने पायऱ्या, पावले किंवा दीपमाळ जाणार असेल, तर फक्त थांबावे. विषुवाच्या दिवसांत सूर्य महाराष्ट्रात तासाला सुमारे १४ अंश चढतो. २४ मिमीच्या समतल चौकटीबाहेर सावली जायला जवळजवळ एक तास लागतो.