दुखणं कुल्ल्यात, उपचार पिशवीवर

माझी वहिनी मूल तालुक्यात राहते. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत तिला डाव्या कुल्ल्यात खोल ठणका सुरू झाला. तो कधी जांघेत उतरायचा, कधी मांडीच्या मागच्या बाजूला. एसटीची पायरी चढताना, बांधीच्या धुऱ्यावर पाय टाकताना तो वाढायचा. "रात्री कुशीवर वळलं की आतून कोणी सुरी फिरवल्यासारखं होते," असं ती सांगायची. डॉक्टरांकडे गेल्यावर मात्र तिने एवढंच सांगितलं: "कंबर दुखते, ओटीपोट दुखते, अंगावरून पांढरं जाते."

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. "गर्भाशयाला सूज आहे" असं निदान झालं. अँटिबायोटिकचा चौदा दिवसांचा कोर्स वर्षभरात तीनदा झाला. पांढरं जाणं दर वेळी कमी व्हायचं, ठणका तसाच राहायचा. सोनोग्राफीत गर्भाशय "थोडं मोठं" निघालं आणि शेवटी "त्रास होतोय तर पिशवी काढून टाका" असा सल्ला मिळाला. वहिनी तेव्हा 31 वर्षांची होती.

मी सांध्यांवर पडणाऱ्या भारांवर पीएचडी करतेय. मी डॉक्टर नाही. पण "पायरी चढताना" आणि "कुशीवर वळताना" हे दोन शब्द ऐकले आणि मला गर्भाशयाऐवजी एक सांधा आठवला. आज त्याच सांध्याबद्दल लिहितेय.

तो सांधा कुठे असतो?

आरशाकडे पाठ करून उभ्या राहा. कंबरेच्या खाली दोन्ही बाजूंना दोन खळगे दिसतात. प्रत्येक खळग्याच्या आत, कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड आणि कंबरेचं पंख्यासारखं हाड एकमेकांना भेटतात. तो हा सॅक्रोइलिअ‍ॅक सांधा, थोडक्यात एसआय सांधा. गुडघ्यासारखा तो वाकत नाही. त्याची हालचाल जेमतेम दोन-तीन अंशांची. पण धडाचं सगळं वजन पायांकडे जातं ते याच दोन सांध्यांमधून.

दोन्ही पायांवर सरळ उभं असताना वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटलं जातं. पायरी चढताना सगळं शरीर क्षणभर एका पायावर येतं आणि एका बाजूचं हाड वर ढकललं जातं, तर दुसऱ्या बाजूचं खाली लोंबतं. अंथरुणात वळताना खांदे आधी फिरतात, कंबर मागून येते, म्हणजे सांध्याला पीळ बसतो. निरोगी सांध्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण भोवतालचे अस्थिबंध आणि स्नायू त्याला आवळून धरतात. गरोदरपणात हे अस्थिबंध सैल होतात, पोट वाढल्याने भार पुढे सरकतो आणि पोटाचे स्नायू ताणले जातात. बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत पूर्ववत होतं, काहींचं होत नाही. त्यात रोवणीला वाकून उभं राहणं, डोक्यावर मोळी, एका कडेवर मूल. सांध्याला उसंत मिळत नाही.

मग जांघेत का दुखतं?

आतल्या खोल भागातून येणारं दुखणं नेमकं कुठून आलं हे मेंदूला कळत नाही. एसआय सांध्याच्या संवेदना कण्याच्या तळाच्या ज्या भागात पोचतात, त्याच्या शेजारीच ओटीपोटातल्या अवयवांच्या संवेदना येतात. म्हणून दोघांची दुखणी एकमेकांच्या जागेवर "दिसतात". 2000 साली स्लिपमन आणि सहकाऱ्यांनी, सांध्यात सुन्न करणारं इंजेक्शन देऊन ज्यांचं निदान पक्कं केलं होतं अशा 50 रुग्णांच्या दुखण्याच्या जागा नोंदवल्या. 94 टक्क्यांना कुल्ल्यात दुखत होतं, 14 टक्क्यांना जांघेत. म्हणजे जांघेतलं दुखणं कमी आढळतं, पण असतं. त्यातही नुसती जांघ दुखत असेल आणि कुल्ला अजिबात दुखत नसेल, तर एसआय सांध्यावर संशय घेण्याआधी खुब्याचा सांधा तपासायला हवा.

इथे एक सापळा आहे

गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एक अभ्यास केला, तो 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. 650 स्त्रियांची तपासणी झाली. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी स्त्रीरोगांची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. बायकांच्या दुखण्याकडे कुणी बघतच नव्हतं, हे या अभ्यासाने जगाला दाखवलं.

त्याच अभ्यासातला एक आकडा कमी सांगितला जातो. 45 टक्के स्त्रियांची काहीच तक्रार नव्हती. म्हणजे तक्रार नसलेल्या कितीतरी जणींनाही आजार होता.

आता शांतपणे विचार करा. अशा गावातल्या, फक्त एसआय सांधा दुखणाऱ्या 100 स्त्रिया घेतल्या, ज्यांच्या दुखण्याचा गर्भाशयाशी काही संबंध नाही. त्यांची स्त्रीरोग तपासणी केली, तर बहुतेकींना काही ना काही सापडेलच. कुणाला जंतुसंसर्ग, कुणाला गर्भाशयमुखाला सूज. ते सापडणं खरं असेल, त्यावर उपचारही करायला हवा. पण "सापडलं" म्हणजे "दुखणं त्यामुळेच" असं होत नाही. वहिनीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. पांढरं जाणं हा एक आजार होता, तो गोळ्यांनी बरा होत होता. ठणका दुसराच होता आणि गोळ्यांनी तो हलत नव्हता. एक तक्रार बरी होते आणि दुसरी जागची हलत नाही, तर दोन्हींचं कारण एकच आहे का, हा प्रश्न पहिल्या कोर्सनंतरच विचारायला हवा होता.

तपासतात कसं?

नागपूरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे वहिनीला नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एका बोटाने दाखवा, कुठे?" वहिनीने बोट त्या खळग्याच्या किंचित खाली, आतल्या बाजूला ठेवलं. पुन्हा विचारल्यावर पुन्हा तिथेच. ओटीपोटाचं दुखणं असं एका बोटाने दाखवता येत नाही, माणूस पोटावर तळवा फिरवतो. हा पुरावा नव्हे, पण दिशा कळते.

मग झोपवून एकेक पाय गुडघा सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगितला. डावा पाय "जड" वाटला, थरथरला. त्यांनी कंबरेच्या दोन्ही हाडांना बाजूंनी दाबून धरलं आणि पुन्हा उचलायला सांगितलं. या वेळी पाय सहज वर गेला. बाहेरून आवळल्यावर जमतं, म्हणजे आतलं आवळणं कमी पडतंय.

त्यानंतर सांध्याला मुद्दाम ताण देणाऱ्या पाच चाचण्या: कंबरेची हाडं बाहेर फाकवणं, कुशीवर झोपवून वरून दाबणं, मांडी उभी धरून खाली ढकलणं, एक गुडघा छातीशी घेऊन दुसरा पाय पलंगाखाली सोडणं, आणि पालथं झोपवून त्रिकोणी हाडावर दाबणं. "नेहमीचंच दुखणं उठलं का?" एवढाच प्रश्न. वहिनीला चार चाचण्यांत तेच दुखणं उठलं.

तीन किंवा अधिक चाचण्यांत दुखलं तर एसआय सांधा, असा साधारण नियम आहे. तो किती भरवशाचा? न्यूझीलंडच्या लॅस्लेट यांच्या 2005 च्या अभ्यासात या निकषाने 94 टक्के खरे रुग्ण पकडले गेले आणि ज्यांना हा त्रास नव्हता त्यातले 78 टक्के बरोबर वगळले गेले. समजा, कंबर-कुल्ला दुखणाऱ्या 100 जणींत 25 जणींचा दोष खरंच या सांध्याचा आहे. चाचण्या त्यातल्या 23-24 जणींना पकडतील, पण उरलेल्या 75 पैकी 16-17 जणींनाही चुकून पकडतील. म्हणजे "आहे" असा निकाल आलेल्या सुमारे 40 जणींपैकी 23-24 च खऱ्या. उलट "नाही" निघालेल्या 60 जणींत खरी रुग्ण एखाद-दुसरीच सुटते. म्हणून या चाचण्या "नाही" सांगायला फार चांगल्या, "आहे" सांगायला मध्यम. वहिनीचा निकाल पटला तो बाळंतपण, पायरी, कूस, बोट आणि दाबल्यावर उचललेला पाय हे सगळं एकाच बाजूला बोट दाखवत होतं म्हणून.

उपचार काय झाला?

दोन गोष्टी. एक पट्टा, आणि तो योग्य जागी. बाळंतिणी पोटावर पट्टा बांधतात, दुकानात मिळणारा कंबरेचा पट्टाही वर बसतो. इथे तो पुढून हाताला लागणाऱ्या कंबरेच्या हाडांच्या लगेच खाली हवा आणि फार घट्ट नको. तो चालताना आणि कामाच्या वेळी, झोपताना सैल.

दुसरा खरा उपचार म्हणजे व्यायाम. पोटाचे खोल स्नायू, कुल्ल्याचे स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू हळूहळू बळकट करणं. नॉर्वेत स्टुगे यांनी 2004 मध्ये बाळंतपणानंतर असं दुखणं राहिलेल्या 81 स्त्रियांवर अभ्यास केला, त्यात व्यायाम 20 आठवडे चालला होता. चार दिवसांत फरक पडत नाही म्हणून सोडायचं नाही, हे त्यातून कळतं. सोबत छोटे बदल: कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जोडून खांदा आणि कंबर एकदम फिरवायची, पायरीवर आधी बरा पाय ठेवायचा, साडी किंवा सलवार बसून नेसायची, मूल एकाच कडेवर घ्यायचं नाही. वहिनीला दीड महिन्यात रात्रीची झोप लागायला लागली. रोवणीला ती पुढच्या वर्षी गेली. पिशवी जागेवर आहे.

हे वाचून तपासणी टाळू नका

उलटी चूकही तितकीच वाईट. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, संबंधाच्या वेळी खोल दुखणं, पाळीव्यतिरिक्त रक्तस्राव असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. पाळी चुकली असेल आणि एका बाजूला अचानक जोरात दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना, कारण गर्भ नळीत असू शकतो. लघवी अडणं किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, हीही तातडीचीच गोष्ट. पाळीच्या दिवसांत दुखणं वाढतं एवढ्यावरून मात्र काही ठरवू नका, एसआय सांध्याचं दुखणंही तेव्हा वाढू शकतं.

सकाळी अर्धा तासापेक्षा जास्त कंबर आखडत असेल आणि हालचालीने बरं वाटत असेल, तर सांध्याच्या दाहाचा आजार असू शकतो. बारीक ताप आणि वजन घटणं असेल तर क्षयाचा विचार हवा. आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसाठी खास: सिकलसेल असलेल्या व्यक्तीच्या जांघेत पायरी चढताना दुखत असेल, मांडी घालून बसता येत नसेल, तर खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजत असू शकतं. तिथे पट्टा उपयोगाचा नाही, खुब्याची तपासणी लवकर हवी.

पुढच्या वेळी दवाखान्यात "कंबर दुखते" एवढंच सांगून थांबू नका. एका बोटाने जागा दाखवा आणि कोणत्या हालचालीने दुखतं ते सांगा: पायरी, कूस, एका पायावर उभं राहणं. वहिनी वर्षभर हे घरी आम्हाला सांगत होती, दवाखान्यात तिला ते कुणी विचारलं नाही.