आकृती वाचली की अंदाज केला?

विंडसरमधल्या आपल्या घरांत हल्ली संध्याकाळी एक दृश्य नेहमीचं झालं आहे. मूल गृहपाठातल्या गणिताचा फोटो काढतं, तो एआयला देतं आणि काही क्षणांत पायऱ्यांसकट उत्तर मिळतं. शाब्दिक उदाहरण किंवा समीकरण नीट छापलेलं असेल, तर हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असतं. अडचण येते ती भूमितीत, आणि तीही प्रश्नातली माहिती शब्दांत नसून फक्त आकृतीत असते तेव्हा.

आठवी-नववीच्या पुस्तकात शोभेल असं एक उदाहरण घेऊ. त्रिकोण अबक. पायावर, म्हणजे बक या बाजूवर, ड हा बिंदू आहे आणि अड ही रेघ काढली आहे. क हा कोन ३५ अंशांचा आहे. अब, अड आणि डक या तिन्ही रेषाखंडांवर एकेक बारीक आडवी खूण आहे. म्हणजे तिघांची लांबी सारखी. प्रश्न एका ओळीचा: कोन बअक किती?

अड आणि डक सारखे, म्हणून कोन डअकही ३५ अंश. त्रिकोण अडकचा बाह्यकोन अडब हा ३५ अधिक ३५, म्हणजे ७० अंश. अब आणि अड सारखे, म्हणून ब हा कोनही ७०, आणि कोन बअड उरला ४० अंश. तेव्हा कोन बअक झाला ४० अधिक ३५, म्हणजे ७५ अंश.

आता समजा, अब वरची खूण मॉडेलच्या नजरेतून सुटली. मग दिलेली माहिती अपुरी पडते. अशा वेळी थांबून तसं सांगण्याऐवजी ते पुष्कळदा ओळखीच्या आकृतीचा आधार घेतं: शिरोबिंदूतून पायावर आलेली रेघ कोन दुभागत असणार! मग बअड ३५, बअक ७० आणि ब ७५. तिन्ही कोनांची बेरीज १८० भरते, प्रत्येक पायरीला कारण दिलेलं असतं, आणि ७० व ७५ अंशांतला फरक नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. हिशेब चोख आहे, चुकलं ते वाचन. म्हणून उत्तराच्या पायऱ्या तपासून ही चूक सापडत नाही.

खूण सुटते कशी? बरीच मॉडेलं मोठा फोटो आधी लहान करतात आणि मग त्याचे छोटे चौकोन पाडून वाचतात. समजा, २८ सेंटिमीटर उंचीचं अख्खं पान १५०० पिक्सेलांत बसवलं, तर एका मिलिमीटरला जेमतेम पाच पिक्सेल येतात. पाव मिलिमीटर जाडीच्या खुणेच्या वाट्याला एखादाच. म्हणून पूर्ण पानाऐवजी फक्त त्या आकृतीचा, सरळ वरून, सावली न पडता काढलेला फोटो द्यावा.

पण फोटो उत्तम असला तरी प्रश्न पुरता सुटत नाही. २०२४ साली मॅथव्हर्स नावाच्या चाचणीत संशोधकांनी २,६१२ गणितं घेऊन प्रत्येकाची सहा रूपं केली. काहींत माहिती शब्दांत, काहींत फक्त आकृतीत. माहिती आकृतीत सरकली की गुण घसरत. काही मॉडेलांना तर आकृती काढून घेतल्यावर जास्त गुण मिळाले! म्हणजे ती आकृती पाहत नव्हती, मजकुरावरून सोडवत होती. त्यानंतर मॉडेलं सुधारली आहेत, तरी आकृतीवरची बारीक खूण हा कच्चा दुवा अजून आहे.

भारतातून आजी-आजोबा मराठी पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवतात, तिथे आणखी एक गोष्ट पाहावी. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ५ चा चारशी घोटाळा होऊ शकतो. आकडे आधी वाचून घ्यावेत.

यावर उपाय साधा आहे. फोटोबरोबर इतकंच लिहावं: ‘अजून सोडवू नकोस. कोणत्या रेषाखंडांवर सारख्या खुणा आहेत, कुठे काटकोन दाखवला आहे आणि प्रत्येक आकडा कोणत्या कोनाजवळ आहे, ते आधी सांग.’ आलेली यादी पुस्तकाशी ताडून पाहावी. काही राहिलं असेल, तर नवं संभाषण उघडून सगळी माहिती शब्दांत लिहून द्यावी. जुन्याच संभाषणात ते आधीच्या उत्तराला चिकटून राहू शकतं. वरच्या उदाहरणात ‘अब, अड आणि डक समान, कोन क ३५ अंश, ड हा बक वर’ एवढं लिहिलं की फोटोची गरजच उरत नाही.

भूमिती विसरून वीस वर्षं झालेल्या आईवडिलांनाही हे जमतं. प्रमेय आठवावं लागत नाही, आकृतीवरच्या खुणा तेवढ्या मोजायच्या. आणि ती यादी मुलानेच केली, तर पुष्कळदा पुढचं गणित त्याला आपलं आपणच सुटतं.