दमट हवेत धूळ-सेन्सरचा आकडा का फुगतो?

पीएमएस ५००३ सारखे स्वस्त सेन्सर हल्ली घराघरांतल्या हवा-मापकांत बसवलेले असतात. त्यांच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढताना तीन गैरसमज हमखास आड येतात.

गैरसमज १ : सेन्सर धुळीचे वजन करतो.

वस्तुस्थिती : सेन्सर वजन करतच नाही. छोटा पंखा हवा आत ओढतो, ती लेझरच्या किरणातून जाते आणि कणांवर आपटून विखुरलेला प्रकाश बाजूचा फोटोडायोड टिपतो. त्या प्रकाशावरून कणांचा आकार आणि संख्या यांचा अंदाज बांधला जातो. मग घनता व प्रकाश विखुरण्याचे गुणधर्म गृहीत धरून 'मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर' हा आकडा काढतात. ०.३ मायक्रॉनहून बारीक कण त्याला जवळजवळ दिसत नाहीत आणि रस्त्यावरची जाडी धूळही तो नीट पकडत नाही. म्हणून त्याच्या पीएम १० वर विसंबू नये.

गैरसमज २ : पहाटे आकडा वाढला, म्हणजे तेवढी धूळ वाढली.

वस्तुस्थिती : हवेतले सल्फेट, नायट्रेट आणि समुद्री मिठाचे कण पाणी शोषून फुगतात. शहरातल्या मिश्र कणांचे एक ठोकळ गणित पाहा. आर्द्रता ६० टक्के असताना कोरड्या कणाचे आकारमान सुमारे दीडपट होते, ९० टक्क्यांना साडेतीन पटींहून जास्त. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सर ते पाणीही धूळ म्हणूनच मोजतो. सरकारी केंद्रांतल्या बीटा-किरण यंत्रांत हवा आत येतानाच तापवून तिची आर्द्रता कमी केली जाते. या सेन्सरमध्ये ती सोय नाही. मात्र हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूरही खरोखर अडकतो. त्यामुळे सगळी वाढ पाण्याच्या माथी मारता येत नाही.

गैरसमज ३ : एका ठरावीक संख्येने भागले की आकडा दुरुस्त होतो.

वस्तुस्थिती : पाण्याचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही. ८० टक्क्यांच्या पुढे तो झपाट्याने चढतो. शिवाय ताजी काजळी पाणी फारसे धरत नाही, मीठ भरपूर धरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पर्पलएअर मापकांसाठी आर्द्रतेचा समावेश असलेले सूत्र दिले आहे, पण ते तिथल्या हवेवरून बेतलेले आहे. ते मुंबईच्या खाऱ्या हवेला जसेच्या तसे लावू नये.

यावर उपाय म्हणजे आपला सेन्सर काही आठवडे सरकारी केंद्राजवळ ठेवून, दोघांचे तासाचे आकडे आर्द्रतेनुसार गटवार ताडून पाहणे. कोरड्या दुपारी आकडे जुळतात आणि दमट पहाटे फुगतात, तर दोष पाण्याचा. कोरड्या दुपारीही फरक महिनोन्‌महिने वाढत गेला, तर आत धूळ साचली आहे किंवा लेझर मंदावला आहे. तेव्हा सूत्र बदलण्यापेक्षा सेन्सरच बदलावा. आणि पीएम २.५ चा आकडा कुणालाही सांगताना त्या वेळची आर्द्रताही सांगा.