तिसऱ्या रात्रीचा धोका

शनिवारी रात्री आठला शेवटचा पेग घेऊन निघालेला पन्नाशीचा गृहस्थ मोटारसायकलवरून घसरतो, पाय मोडतो, हाडांच्या दवाखान्यात भरती होतो. डॉक्टर विचारतात, "दारू घेता का?" बायको संकोचून म्हणते, "कधीमधी." खरं तर पंधरा वर्षं रोज दोन क्वार्टर चालू आहेत. असा प्रसंग आपल्याकडे वारंवार घडतो.

रविवारी सकाळी त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. घरच्यांना वाटतं, दुखण्यामुळे असेल. सोमवारी पहाटे त्याला फिट येते. याआधी कधीच आलेली नसते. मंगळवारी रात्री तो अंथरुणावर मुंग्या दिसतात म्हणून चादर झटकू लागतो, सलाईन उपटतो, मुलाला ओळखत नाही. अंग तापलेलं असतं. कुणी म्हणतं बाहेरची बाधा, कुणी म्हणतं औषध चढलं. ही असते दारू अचानक तुटल्याची सर्वांत गंभीर अवस्था. डॉक्टर तिला 'डीटी', म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात.

दारू मेंदूचा वेग कमी करते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तो ब्रेक गृहीत धरून स्वतःचा ॲक्सिलरेटर कायम दाबून ठेवायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर मात्र तसाच दाबलेला राहतो. थरथर, फिट, भास हे सगळं त्यातूनच येतं. म्हणून 'मनाचा निग्रह कमी पडला' हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. हा शरीराचा आजार आहे. दारू देशी होती की विदेशी, याने फरक पडत नाही.

सगळ्यांनाच इतका त्रास होत नाही. बहुतेकांची थरथर आणि निद्रानाश चार-पाच दिवसांत ओसरतो. फिटचा धोका मुख्यतः पहिल्या दोन दिवसांत असतो, डीटीचा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट किंवा डीटी झाली, त्याला पुन्हा होण्याची भीती जास्त. डीटीवर उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. वेळेवर झाले तर बहुतेक रुग्ण वाचतात.

उपचार अवघड नाहीत. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधं मेंदूला तात्पुरता ब्रेक देतात आणि काही दिवसांत डोस उतरवत बंद होतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, सुरुवातीलाच इंजेक्शनने देतात. पिणाऱ्यांमध्ये ते बऱ्याचदा कमी असतं आणि त्याअभावी स्मृतीला कायमची इजा होऊ शकते. ही औषधं दुकानातून आणून घरच्या घरी घेऊ नयेत. यकृत खराब असेल तर औषधही बदलावं लागतं आणि दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो.

श्रावण लागला म्हणून, माळ घातली म्हणून किंवा मुलीच्या शब्दाखातर कुणी दारू सोडत असेल, तर त्याने जरूर सोडावी. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना भेटावं आणि किती पितो ते खरं सांगावं. फिट, भास किंवा बरळणं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा.