एका कंपनीचे दोन भाव

सुरत जिल्ह्यातील पलसाणा आणि कडोदरा हा पट्टा कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांचा. ग्रे कापडाचा भाव इथे एक आणि सुरतेच्या रिंग रोडवरील बाजारात मीटरमागे रुपयाने अधिक असा निघाला, तर तो फरक फार दिवस टिकत नाही. कोणीतरी टेम्पो भरतो, माल तिकडे नेतो आणि दोन-चार खेपांत दोन्ही भाव जवळ येतात. स्वस्त ठिकाणी घेऊन महाग ठिकाणी विकण्याच्या या उद्योगाला अर्थशास्त्रात अंतरपणन म्हणतात. जेथे असे व्यापारी आहेत तेथे चुकीचा भाव टिकणारच नाही, असे अर्थशास्त्राचे ग्रंथ आपल्याला वर्षानुवर्षे सांगत आले. परंतु मुंबईच्या शेअरबाजारात एकाच कंपनीच्या दोन समभागांमधील मोठे अंतर पंधरा वर्षे टिकले, ते का, हे पाहण्यासारखे आहे.

जॅग्वार-लँड रोव्हरची खरेदी झाल्यावर पैसा उभारण्यासाठी टाटा मोटर्सने २००८ साली हक्कभागांची विक्री केली. साधा समभाग ३४० रुपयांस दिला आणि त्याच्याबरोबर 'अ' वर्गाचा, ज्याला बाजार डीव्हीआर म्हणे, तो ३०५ रुपयांस. डीव्हीआरला मताधिकार दहापट कमी. त्याची भरपाई म्हणून लाभांश पाच टक्के बिंदूंनी अधिक. कारखाने तेच, नफा तोच, मालक तेच. मताची काही किंमत असते हे मान्यच. पण नियंत्रण टाटांकडे असलेल्या कंपनीत शेकड्याने समभाग बाळगणाऱ्याला त्या मताचा उपयोग तो किती? विक्रीच्या वेळी दोन भावांत सुमारे दहा टक्के अंतर होते. पुढे ते वाढत जाऊन चाळीस टक्क्यांच्याही पलीकडे गेले.

मग टेम्पो का धावला नाही? पहिले कारण असे की, रस्ताच नव्हता. डीव्हीआर देऊन साधा समभाग मागण्याचा हक्क कोणालाही नव्हता. उरला तो एकच मार्ग: डीव्हीआर घ्यायचा, साधा समभाग वायदेबाजारात विकायचा, आणि दोन्ही भाव जवळ येण्याची वाट पाहायची. ते केव्हा जवळ येतील याची तारीख मात्र कोठेही लिहिलेली नव्हती.

समजा, पलसाण्याच्या एका कापडव्यापाऱ्याने हे धाडस केले. साधा समभाग ५०० रुपये, डीव्हीआर ३५०. अंतर तीस टक्के. त्याने १,००० डीव्हीआर साडेतीन लाखांना घेतले आणि तेवढ्याच किमतीचे ७०० साधे समभाग वायद्यात विकले. (वायद्याच्या लॉटचा हिशेब येथे सोडून देऊ.) आता बाजारात तेजीची हवा आली. लोक ओळखीच्या नावावर तुटून पडले. साधा समभाग ६०० झाला, आणि डीव्हीआर, ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते, ३३० वर घसरला. अंतर पंचेचाळीस टक्के. वायद्यात ७०,००० रुपयांचा तोटा, आणि तो रोजच्या रोज रोखीने भरायचा. डीव्हीआरवर आणखी २०,००० गेले. त्याचा तर्क कालच्याहून आज अधिक खरा आहे, आणि नेमक्या आजच दलालाचा तगाद्याचा फोन येतो. भांडवल उसने असेल तर डीव्हीआर पडत्या भावाला विकून वायदा महागात सोडवावा लागतो. म्हणजे अंतर मिटवायला निघालेला गृहस्थ स्वतःच ते वाढवून बाहेर पडतो.

मूल्य न पाहता वार्ता, हूल वा सवय यांवर खरेदी-विक्री करणारे जे लोक, त्यांची लहर उद्या आणखी विपरीत होऊ शकते, ही जोखीम १९९० साली डी लाँग, श्लायफर, समर्स आणि वाल्डमन यांनी मांडली. श्लायफर व विश्नी यांनी १९९७ मध्ये तिला पुढची जोड दिली: दुसऱ्यांचा पैसा हाताळणाऱ्याकडून ठेवीदार तो काढून घेतात ते नेमके अंतर सर्वांत मोठे असताना, म्हणजे संधी सर्वांत चांगली असताना. हे ठाऊक असल्यामुळेच जाणकार प्रथमपासूनच हात राखून उतरतो.

वाट पाहताना जास्तीचा लाभांश तरी पदरात पडावा! पण मधली काही वर्षे कंपनीने लाभांशच दिला नाही. २०२३ मध्ये दिला तेव्हा साध्याला २ रुपये आणि डीव्हीआरला २ रुपये १० पैसे.

अखेर रस्ता बांधला तो कंपनीनेच. जुलै २०२३ मध्ये दहा डीव्हीआरच्या बदल्यात सात साधे समभाग देण्याची योजना जाहीर झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती पूर्ण झाली. दहाला सात, म्हणजे तीस टक्के अंतर कायमचेच मान्य झाले. पंचेचाळीस टक्क्यांच्या अंतरावर उतरलेल्याचे चांगभले झाले. आपला व्यापारी एवढा काळ तग धरून राहिला असता, तर त्याच्या १,००० डीव्हीआरचे ७०० साधे समभाग झाले असते आणि तेच देऊन विकलेले ७०० फिटले असते. हाती उरले असते ते दहा-दहा पैशांचे लाभांश, दलालीची बिले आणि वर्षानुवर्षे अडकून पडलेले साडेतीन लाख.