परदेशी शिक्षणाचं कर्ज: रकाने तीन, हिशेब एकच

परदेशी शिक्षणाच्या कर्जाच्या अर्जात अभ्यासक्रमाचा खर्च, सहकर्जदाराचं उत्पन्न आणि तारण असे तीन मोठे रकाने असतात. बहुतेक घरांत ते तीन वेगवेगळ्या संध्याकाळी भरले जातात. बँकेतला अधिकारी मात्र ते एकत्र वाचतो, आणि एका रकान्यातली चूक दुसऱ्यात उघडी पडते.

सांगली जिल्ह्यातलं एक कुटुंब समजू. आई जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, वडील ऊस पिकवतात, मुलीला अमेरिकेत दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. विद्यापीठ व्हिसासाठी आय-२० नावाचा कागद देतं. त्यावर फी २०,००० डॉलर आणि राहण्या-जेवणाचे १४,००० डॉलर लिहिलेत. हा आकडा सहसा एका वर्षाचा असतो, आणि अनेक जण तोच खर्चाच्या रकान्यात उतरवतात. मग दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी पुन्हा मंजुरी मागायची वेळ येते, तीही मुलगी तिकडे असताना.

म्हणून पूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब मांडायला हवा. डॉलर ९० रुपये धरला तर वर्षाला ३० लाख ६० हजार, दोन वर्षांना ६१ लाख २० हजार. विमान, व्हिसा, विमा, लॅपटॉप धरून एकूण ६४ लाख. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के वाटा कुटुंबाने उचलायचा असतो. तो इथे ९ लाख ६० हजार होतो; शिष्यवृत्ती मिळाली तर ती यात धरतात. कर्ज उरलं ५४ लाख ४० हजार. मंजुरी रुपयांत होते, फी डॉलरमध्ये भरायची असते. दुसऱ्या वर्षी डॉलर चार रुपयांनी महागला तर एक लाख ३६ हजार जास्त लागतील, ते या आकड्यात नाहीत. थोडी उसंत ठेवूनच रक्कम मागावी.

आता उत्पन्न. आईचा हातात येणारा पगार ७५,००० आणि सांगलीतल्या फ्लॅटच्या गृहकर्जाचा हप्ता १२,००० आहे. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्या ते साठ टक्क्यांच्या आत असावेत, असा कर्ज देणाऱ्यांचा साधारण दंडक असतो. म्हणजे नव्या कर्जासाठी जेमतेम ३३,००० उरतात. निम्मं कर्ज पहिल्या वर्षी उचललं आणि व्याजदर १० टक्के धरला, तर नुसतं व्याजच महिन्याला सुमारे २२,७०० होतं. दुसऱ्या वर्षी ते ४५,३००. पहिलं वर्ष निभतं, दुसरं नाही. शिक्षण चालू असताना दरमहा व्याज मागणाऱ्या वित्त कंपनीकडे हा अर्ज इथेच अडेल. सरकारी बँक तारणावर कर्ज देताना शिक्षण आणि त्यानंतरचा सवलतीचा काळ संपेपर्यंत थांबते, पण तोवरचं व्याज मुद्दलात मिळतं. एक वर्ष सवलतीचं धरलं तर ५४ लाखांचे ६८ लाख होतात, आणि १५ वर्षांचा हप्ता ७३,००० च्या घरात जातो. तो मुलीच्या पगारातूनच जाणार, हे घरात मोकळेपणाने बोललं गेलं पाहिजे.

वडिलांचं ऊसाचं उत्पन्न खरं आहे, पण करमुक्त म्हणून त्यांनी विवरणपत्र कधी भरलंच नाही. कागदावर नसलेलं उत्पन्न बँक धरत नाही. विवरणपत्रात शेतीचं उत्पन्न दाखवलेलं असेल आणि कारखान्याची बिलं खात्यात जमा होत असतील, तर सांगण्यासारखं काही उरतं. ही तयारी दोन-तीन वर्षं आधीची असते.

खरी अडचण तारणात आहे. पाच एकर बागायत आहे म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण थकलेलं कर्ज वसूल करण्यासाठी बँका ज्या सरफेसी कायद्याचा आधार घेतात, तो शेतजमिनीला लागू नाही. त्यामुळे सातबारा दाखवला तरी बँका सहसा नाही म्हणतात. गावठाणातल्या घराला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असेल तर तिथेही हात आखडतात. उरतो फ्लॅट. मूल्यांकनकर्ता बाजारभावाबरोबर विकल्यावर हाती येईल ती किंमतही लिहितो, आणि बँक ही दुसरी, कमी असलेली किंमत धरते. ती ५८ लाख निघाली आणि गृहकर्ज १० लाख बाकी असेल, तर मोकळं तारण ४८ लाखांचं. कर्ज ५४ लाख ४० हजारांचं. मधले ६ लाख ४० हजार मुदत ठेवीने किंवा आयुर्विमा पॉलिसीच्या सरेंडर किमतीने भरून काढता येतात. गृहकर्ज दुसऱ्या बँकेचं असेल तर ते आधी फेडावं किंवा वळवून घ्यावं लागेल. फ्लॅटवर काकांचंही नाव असेल तर त्यांची सही हवीच.

सर्च रिपोर्टसाठी वकील मागच्या अनेक वर्षांचे व्यवहार तपासतो. वारसनोंद राहिलेली असेल किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसेल, तर प्रकरण तिथेच अडून बसतं. दरम्यान फी भरण्याची तारीख थांबत नाही. म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याची वाट पाहू नका. मुलीने अर्ज पाठवले, त्याच महिन्यात फ्लॅटची फाइल वकिलाकडे द्या.