चहाबिहाचं इंग्रजी

दारात आलेल्या माणसाला आपण "चहाबिहा घेणार का?" असं विचारतो, तेव्हा त्यातलं 'बिहा' म्हणजे काय असतं? कॉफी, सरबत, पोहे? बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. आधण फक्त चहाचंच चढणार असतं आणि हे पाहुण्यालाही ठाऊक असतं. तरीही 'चहा घेणार का?' आणि 'चहाबिहा घेणार का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. दुसऱ्यात घ्या, नका घेऊ, दुसरं काही हवं असेल तर सांगा, पण संकोच करू नका, एवढं सगळं येतं. मराठी संवाद इंग्रजीत नेणारा माणूस अडतो तो याच 'बि'पाशी.

शाळेच्या व्याकरणात अशा शब्दांना अंशाभ्यस्त म्हणतात. घडण सोपी आहे: शब्दाचं पहिलं अक्षर काढायचं, तिथे 'बि' बसवायचा, उरलेला शब्द तसाच ठेवायचा. पाणीबिणी, पुस्तकबिस्तक, लग्नबिग्न, ऑफिसबिफिस. नाम असो, क्रियापद असो, काल आलेला परका शब्द असो, 'बि' कशालाही लागतो. विभक्तीचा प्रत्यय आला तर जोडीतले दोन्ही शब्द सामान्यरूपात जातात, म्हणून 'घोड्याबिड्याला'. अडचण येते ती 'बि'नेच सुरू होणाऱ्या शब्दांची. 'बिस्किट'चा प्रतिध्वनी पुन्हा 'बिस्किट'च होईल, मग कोणी 'बिस्किट-फिस्किट' म्हणतं, कोणी सरळ 'वगैरे' लावतं.

ही सवय आपल्या एकट्यांची नाही. मराठीत घोडाबिडा, गुजरातीत घोडो-बोडो, बंगालीत घोडा-टोडा, तमिळमध्ये कुदिरै-गिदिरै. अक्षर भाषेगणिक बदलतं, युक्ती तीच राहते. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं, तेव्हा वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांना जोडणाऱ्या खुणांमध्ये या प्रतिध्वनी-शब्दांचीही दखल घेतली. इंग्रजीत मात्र असा कुठल्याही शब्दाला लावता येणारा प्रतिध्वनी नाही. म्हणून तिथे 'बि'ला प्रतिशब्द शोधण्यात अर्थ नाही. त्या वाक्यात 'बि'ने कोणतं काम केलं ते शोधायचं आणि तेच काम इंग्रजी वाक्य कुठून करून घेतं ते पाहायचं.

नवखा अनुवादक पहिल्यांदा 'एटसेट्रा'कडे वळतो. 'टी एटसेट्रा' म्हटलं की कार्यक्रमपत्रिकेतली ओळ वाचल्यासारखं वाटतं, कारण त्या शब्दामागे खरोखरची यादी असावी लागते. चहाबिहामागे यादी असेलच असं नाही. शिवाय 'चहापाणी' आणि 'चहाबिहा' यांची गल्लत होते ती वेगळीच. चहापाणी हा ठरलेला जोडशब्द आहे, पत्रिकेत छापता येतो आणि त्याला 'रिफ्रेशमेंट्स' चालून जातं. 'चहाबिहा' कोणी पत्रिकेत छापत नाही.

एक लहानसा प्रवेश घेऊ. शेजारीण डोकावते. घरातली काकू म्हणते, "ये गं, बस, चहाबिहा टाकते." शेजारीण म्हणते, "नको, चहाबिहा काही नको. मी बसायलाबिसायला नाही आले." जाताना काकू तिला सांगते, "जिना ओला आहे, पडशीलबिडशील."

'बि' चार वेळा आला आणि चारही वेळा त्याचं काम वेगळं आहे. पहिल्या वाक्यात आग्रहातला सहजपणा आहे. तिथे 'ऑर समथिंग' जोडता येईल, पण काकूने नुसतं 'आय विल पुट द केटल ऑन' म्हटलं तर ते जास्त घरगुती वाटतं. केटल चढवते म्हटल्यावर चहाचं नावही घ्यावं लागत नाही आणि ऐकणाऱ्यावर भारही पडत नाही. पुढचं वाक्य नकाराचं आहे. नकारात इंग्रजी 'समथिंग' सोडून 'एनिथिंग'कडे जाते, म्हणून 'डोंट बॉदर विथ टी ऑर एनिथिंग'. इथे 'डोंट बॉदर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. माझ्यासाठी खटपट नको, हा मराठीतला भाव 'एनिथिंग'पेक्षा त्यांनीच जास्त सांभाळला आहे. 'बसायलाबिसायला'चं तर शब्दशः काही करायला जाऊच नये. ब्रिटिश बोलीत 'आय कान्ट स्टॉप' म्हणजे थांबायला वेळ नाही. तेवढ्यात काम होतं. सिनेमाच्या उपशीर्षकात एका ओळीला साधारण ४२ अक्षरांची मर्यादा असते, तिथे हा आटोपशीरपणा फार उपयोगी पडतो.

'पडशीलबिडशील'मध्ये मात्र पडण्यासारख्या इतर गोष्टींचा विचारच नाही. अभद्र बोलायचं नाही, पण सावध तर करायचं आहे, म्हणून काकूने त्या शब्दाची धार बोथट केली. 'यू माइट फॉल ऑर समथिंग' म्हटलं तर बोलणाऱ्याला काळजीच नाही असं वाटतं. 'डोंट गो फॉलिंग ऑन मी' असं काहीतरी जवळ जातं. तिथे मराठीतल्या 'बि'चं काम 'गो' आणि 'ऑन मी' यांनी वाटून घेतलंय आणि माया शाबूत राहिली आहे.

बोलणाऱ्याचं वय हा आणखी एक पेच. मराठीतला 'बि' आजीच्या तोंडी शोभतो आणि नातवाच्याही. इंग्रजीतली शेपटं तशी नाहीत. 'अँड स्टफ' ऐकलं की तरुण माणूस डोळ्यांसमोर येतो, वाक्याच्या शेवटी 'अँड दॅट' आलं की ब्रिटनमधली बोली ऐकू येते. सत्तरीच्या काकूच्या तोंडी 'टी अँड स्टफ' घातलं तर अर्थ बरोबर येईल, पण काकू हरवेल. तिच्यासाठी 'ए स्पॉट ऑफ टी'सुद्धा नको, त्याने ती थेट इंग्लंडच्या बागेत जाऊन बसते.

यिडिशमधून अमेरिकी इंग्रजीत आलेला 'श्म' हा खरा प्रतिध्वनी आहे. मूळ शब्दाच्या तोंडाशी 'श्म' लावायचा: 'फॅन्सी-श्मॅन्सी', 'डॉक्टर-श्मॉक्टर'. दिसायला तो आपल्या 'बि'चा सख्खा भाऊ, म्हणून मोह होतो. पण 'श्म'ला फक्त हेटाळणी येते. "प्रेमबिम काही नसतं" या वाक्याला 'लव्ह-श्मव्ह' छान बसतं. पाहुण्याला 'टी-श्मी' विचारलं तर चहा गेला खड्ड्यात असा अर्थ होईल.

मग जोडी तशीच का ठेवू नये? सलमान रश्दींच्या १९८१ च्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मध्ये पद्मा इंग्रजीत असेच जोडशब्द बोलते आणि तिथे ते शोभतात, कारण तिचं बोलणं निवेदकापेक्षा वेगळं ऐकू यावं हीच लेखकाची इच्छा आहे. आपल्या काकूचं तसं नाही. तिच्या गल्लीत सगळेच 'बि' लावतात, त्यामुळे तो कोणाच्या कानात भरत नाही. इंग्रजीत 'टी-बी' लिहिलं की तो भरतो (शिवाय भलत्याच रोगाची आठवण करून देतो). मराठीत जे कोणाच्या लक्षातही येत नाही ते इंग्रजीत डोळ्यांत खुपायला लागलं, तर भाषांतर फसलं असं मी मानतो.

खात्री करून घ्यायची माझी पद्धत साधी आहे. तयार झालेलं इंग्रजी वाक्य, मूळ मराठी न दाखवता, घरात मराठी बोलणाऱ्या कुणाला तरी देतो आणि विचारतो, "हे तू आपल्या भाषेत कसं म्हणशील?" त्यांच्या तोंडून आपोआप 'बि' आला तर वाक्य ठेवतो. "आपण चहा घेणार का?" असं काही आलं तर पुन्हा लिहायला बसतो.

काही ठिकाणी हेही चालत नाही. गाडीत शेजारी बसलेला अनोळखी माणूस विचारतो, "मग, लग्नबिग्न?" प्रश्न खासगी आहे आणि तो बोचू नये म्हणूनच 'बिग्न' आलंय. 'मॅरिड ऑर एनिथिंग?' मध्ये थट्टेचा सूर लागतो आणि 'आर यू मॅरिड?' ही चौकशी वाटते. अशा वेळी मी 'सो, फॅमिली?' एवढंच ठेवतो. त्यात लग्नाचा उल्लेख नाही, पण उत्तर देणाऱ्याला हवं तेवढंच सांगायची मोकळीक राहते.